जुनी सागाची पेटी की जुन्या सागाची पेटी?

‘लहान जुनी लाकडी पेटी’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. ‘लाकडी जुनी लहान पेटी’ म्हटलं तर वस्तू तीच राहते, शब्दही तेच, पण कान क्षणभर अडतो. शाळेत आपण गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण असे प्रकार शिकलो. तीन विशेषणं एका नामाच्या आधी एकत्र आली तर कोणतं पुढे आणि कोणतं मागे, हे मात्र कोणी शिकवलं नाही. तरीही वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यात, कधी शाळेत न गेलेली आजीसुद्धा ‘लहान जुनी लाकडी’ याच क्रमाने बोलते.

हा क्रम साधारण असा चालतो. बोलणाऱ्याचं मत आधी येतं (सुंदर, भारी, बेकार), मग आकार, मग वय, मग रंग, आणि नामाला अगदी चिकटून ते कशाचं बनलंय किंवा कोणत्या जातीचं आहे ते. ‘भारी मोठी काळी लाकडी पेटी’ हे त्यामुळे सरळ वाटतं. इंग्रजीतही क्रम बराचसा असाच आहे. एकमेकींशी फारसं नातं नसलेल्या अनेक भाषांमध्ये अभ्यासकांना तो दिसलाय. ज्या भाषांत विशेषण नामानंतर येतं, त्यांतल्या पुष्कळ भाषांत तो आरशातल्यासारखा उलटा होतो, म्हणजे ‘पेटी लाकडी जुनी लहान’. पण ‘लाकडी’ तिथेही नामाच्या शेजारीच असतं. म्हणजे खरी गोष्ट पुढे-मागे ही नसून नामापासूनचं अंतर ही आहे.

हे अंतर कशावरून ठरतं, यावर 2017 साली ग्रेगरी स्कॉन्ट्रास, ज्युडिथ डेगेन आणि नोआ गुडमन या तीन अभ्यासकांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना विचारून एक उत्तर शोधलं. ज्या विशेषणावर दोन माणसांचं मत सहज वेगळं पडू शकतं, ते नामापासून लांब राहतं. ज्यावर वाद घालायला फारशी जागा नाही, ते जवळ येतं. हे आपल्याकडे तपासायचं तर बैलबाजारात उभं राहून ऐकावं. ‘मोठा पांढरा गवळाऊ बैल’ असं कोणी म्हणालं, तर ‘मोठा’वर लगेच वाद होतो, कारण विकणाऱ्याचा मोठा आणि घेणाऱ्याचा मोठा वेगळा असतो. ‘पांढरा’वर थोडी कुरबुर होईल, राखाडी झाक आहे असं कोणी म्हणेल. ‘गवळाऊ’ ही मात्र जात आहे. वर्धा-नागपूरकडच्या माणसाला ती ओळखू येते आणि तिथे मताचा प्रश्न उरत नाही. वादाची जागा जशी कमी होते तसा शब्द बैलाच्या जवळ सरकतो.

याच कारणाने हा नियम सगळीकडे सारखा कडक नाही. ‘मोठा जुना वाडा’ आणि ‘जुना मोठा वाडा’ दोन्ही आपण म्हणतो, कारण मोठेपणा आणि जुनेपणा दोन्ही बघणाऱ्यावर अवलंबून आहेत, त्यांच्यात फार अंतर नाही. ‘काळी लाकडी पेटी’ला उलटं करून ‘लाकडी काळी पेटी’ म्हटलं तर मात्र ऐकणारा थांबतो.

पण तो थांबतो म्हणजे बोलणाऱ्याची चूक झाली असंच नाही. समजा घरात तीन लाकडी पेट्या आहेत आणि चार पत्र्याच्या. आई म्हणते, ‘ते लाकडी लहान पेटी आन.’ तिने आधी लाकडी पेट्या बाजूला काढल्या आणि मग त्यांतली लहान दाखवली. इथे ‘लाकडी’वर आवाज थोडा चढतो, पत्र्याची नको हे त्यातून कळतं. क्रम उलटला की निवड चालू आहे, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं. नुसतं वर्णन असेल तर नेहमीचा क्रम आणि अनेकांतून एक वेचायची असेल तर बदललेला क्रम, इतका फरक बोलीत सगळेच पाळतात.

आतापर्यंतचा क्रम चुकला तर फार तर कानाला खटकतं, अर्थ बदलत नाही. मराठीत अर्थ खरोखर बदलतो तो दुसऱ्या ठिकाणी. ‘लाकडी’ऐवजी ‘सागाची’, ‘पितळी’ऐवजी ‘पितळेचा’ असं चा-ची-चं लावून बोललं की तिथून खेळ वेगळा होतो.

आधी एक साधी गोष्ट पाहू. ‘लाकडी मोठी पेटी’ खटकते, पण ‘सागाची मोठी पेटी’ अजिबात खटकत नाही. ‘मोठी सागाची पेटी’ही चालते. ‘पितळेचा मोठा गुंड’ आणि ‘मोठा पितळेचा गुंड’ दोन्ही घराघरात ऐकू येतात. चा-ची लावलेला शब्द नामाला चिकटून बसायलाच हवा असं नाही, तो पुढे सरकू शकतो. असं का? ‘लाकडी’ हे विशेषण आहे, त्याला स्वतःचं वेगळं अस्तित्व नाही. ‘सागाची’ या शब्दाच्या पोटात ‘साग’ हे नाम शाबूत आहे. त्यामुळे पुढे-मागे सरकण्याची त्याला जास्त मोकळीक मिळते. पण त्याच कारणाने एक अडचणही येते. पोटात नाम असल्यामुळे त्याच्या आधी आलेलं विशेषण त्या नामाला लागू शकतं.

‘जुनी सागाची पेटी’ आणि ‘जुन्या सागाची पेटी’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत पेटी जुनी आहे. दुसरीत साग जुना आहे, पेटी कदाचित मागच्या महिन्यात बनलेली असेल. आणि हा फरक विदर्भात नुसता व्याकरणाचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचा साग जुन्या वाड्यांच्या खांबांना, तुळयांना, कडीपाटाला वापरलेला असतो. वाडा पाडला की ते लाकूड कोणी जाळत नाही. वर्षानुवर्षं सुकलेलं असल्याने ते ओल्या लाकडासारखं पुढे आकसत किंवा वाकत नाही, म्हणून वाढई त्याची दारं, चौकटी, पेट्या करतात. ‘जुन्या सागाचं नवं दार’ हे आमच्याकडे रोजचं वाक्य आहे.

मराठीने इथे आपली सोय करून ठेवली आहे. ज्या नामाचं वर्णन आहे, त्याप्रमाणे विशेषण रूप बदलतं. पेटी स्त्रीलिंगी, म्हणून ‘जुनी’. ‘सागाची’मधल्या सागाला प्रत्यय लागलाय, म्हणून त्याचं विशेषण ‘जुन्या’. शेवटचा स्वर ऐकला की विशेषण कोणाचं ते कळतं. ‘काळा मातीचा माठ’ म्हणजे माठ काळा आहे, ‘काळ्या मातीचा माठ’ म्हणजे माती काळी. इतकं काम एक स्वर करतो, म्हणून क्रमाची फिकीर आपण सहसा करत नाही.

आता हीच वाक्यं थोडी पुढे न्या. पेटीत काहीतरी ठेवलंय. ‘जुनी सागाची पेटी’ला ‘त’ लावा, ‘जुन्या सागाच्या पेटीत’ असं होतं. ‘जुन्या सागाची पेटी’ला ‘त’ लावा, तेही ‘जुन्या सागाच्या पेटीत’. दोन्ही अक्षर न् अक्षर सारखी झाली. नामाला प्रत्यय लागला की त्याच्या आधीची अशी सगळी विशेषणं ‘-या’ वर येतात, आणि सागाचं विशेषण तर आधीपासूनच ‘-या’ वर होतं. जो स्वर फरक दाखवत होता तोच गेला.

आणि खेड्यातल्या घरात वस्तूंबद्दलचं बोलणं बहुतेक वेळा असंच असतं. पेटीत काय आहे, माठावर काय झाकलंय, दाराला काय लावायचंय. नुसती पेटी कशी आहे हे सांगायची वेळ कमी, पेटीत काय सापडेल हे सांगायची जास्त. म्हणजे स्वराची मदत नेमकी जास्त लागते तिथेच ती मिळत नाही.

समजा एका घरात दोन सागाच्या पेट्या आहेत. एक आजीच्या लग्नात आलेली. दुसरी अलीकडेच, माडी पाडल्यावर निघालेल्या तुळयांची वाढयाकडून करून घेतलेली. मुलगा तालुक्याच्या गावाला निघालाय, त्याला वावराचं खरेदीखत हवंय.

‘मा, खरेदीखत कुठी हाय व?’

‘जुन्या सागाच्या पेटीत हाय पाय.’

मुलगा कोणती पेटी उघडेल? त्याच्या डोक्यात ‘तुळयांची पेटी’ ताजी असेल तर ‘जुना साग’ ऐकून तो नव्या पेटीकडे जाईल. आईच्या मनात आजीची पेटी असेल. दोघांनीही शुद्ध मराठी वापरली आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इथे शुद्धलेखन कामाचं नाही, कारण लिहिलं तरी तीच अक्षरं उमटतात. फक्त क्रम कामाला येतो.

‘सागाच्या जुन्या पेटीत हाय पाय.’

‘सागाच्या’ पुढे काढलं आणि ‘जुन्या’ पेटीला चिकटवलं. आता ‘जुन्या’ला पेटीशिवाय दुसरं नामच उरलं नाही, कारण साग मागे पडला आणि विशेषण मागे वळून लागत नाही. नव्या पेटीबद्दल बोलायचं असेल तर ‘जुन्या सागाच्या नव्या पेटीत’ म्हणावं. ‘जुन्या’ सागाकडे जातो, ‘नव्या’ पेटीकडे. उलट ‘नव्या जुन्या सागाच्या पेटीत’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘नव्याजुन्या’ असा जोडशब्दच ऐकू येतो आणि सगळा गुंता होतो.

म्हणून नियम एका वाक्यात सांगायचा तर असा: चा-ची-चं लावलेला शब्द असेल आणि विशेषण मुख्य वस्तूचं असेल, तर विशेषण त्या वस्तूच्या शेजारी ठेवा आणि चा-चीचा शब्द पुढे काढा. विशेषण चा-चीच्या पोटातल्या नामाचं असेल, तर ते त्याच्या आधी ठेवा.

प्रत्यय नसतानाही हा घोळ होऊ शकतो, आणि तो अनेकवचनात होतो. एक पेटी ‘जुनी’ असते, पण दोन पेट्या ‘जुन्या’. म्हणजे स्त्रीलिंगी अनेकवचनात ‘-या’ आपोआपच येतो. गावच्या फळ्यावर किंवा फोनवरच्या ग्रुपमध्ये कोणी लिहिलं, ‘जुन्या सागाच्या पेट्या विकणे आहे’, तर वाचणाऱ्यांत दोन गट पडतात. एकाला वाटतं आजीच्या काळच्या, कोयंडे घासलेल्या, आतून कापूर-नेप्थलीनचा वास येणाऱ्या पेट्या आहेत. दुसऱ्याला वाटतं, पाडलेल्या वाड्याचं लाकूड वापरून वाढयाने नवीन केल्यात. दोघं वेगवेगळा भाव मनात धरून येतात. लिहिणाऱ्याकडे खरोखर जुन्या पेट्या असतील तर त्याने ‘सागाच्या जुन्या पेट्या’ लिहायचं. संख्या असेल तर तीही मदत करते. ‘सागाच्या दोन जुन्या पेट्या’ म्हटलं की शंका राहत नाही. ‘जुन्या सागाच्या दोन पेट्या’ म्हटलं की ‘दोन’ मध्ये येऊन उभा राहतो आणि ‘जुन्या’ सागाकडे राहतो. ‘दोन जुन्या सागाच्या पेट्या’ मात्र पुन्हा गुलदस्त्यात, कारण संख्या पुढे गेली आणि मधली आडकाठी निघाली. माझ्या मते मराठीत संख्येची जागा हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी दुभाजक आहे.

पुल्लिंगी अनेकवचनात हा त्रास नाही. ‘जुने सागाचे दरवाजे’ आणि ‘जुन्या सागाचे दरवाजे’ वेगळे राहतात. नपुंसकलिंगातही ‘जुनी सागाची दारं’ आणि ‘जुन्या सागाची दारं’ वेगळी ऐकू येतात. म्हणजे पेट्या, खाटा, दुरड्या, कोठ्या, बंड्या अशा स्त्रीलिंगी वस्तू अनेक असतील तेव्हा जपायचं.

तिसरी अडचण अशा विशेषणांची, जी कधीच रूप बदलत नाहीत. लाल, लहान, सुंदर, जड, गावरान. ‘लाल माठ’, ‘लाल माती’, ‘लाल माठात’, सगळीकडे ‘लाल’च. इथे पहिल्यापासूनच स्वराची मदत नाही. ‘लाल मातीचा माठ’ म्हटलं की प्रत्येक जण माती लाल समजतो, कारण ‘लाल’च्या लगेच पुढे ‘माती’ आहे. माठ लाल रंगवलेला आहे असं सांगायचं तर ‘मातीचा लाल माठ’ म्हणण्यावाचून मार्ग नाही. ‘गावरान गाईचं तूप’ म्हणजे गाय गावरान. ‘गाईचं गावरान तूप’ म्हणजे तूप गावरान, गाय कोणतीही असू शकते. तूप विकत घेताना हा फरक किमतीत उतरतो, म्हणून विकणाऱ्याने नेमकं काय म्हटलं ते ऐकावं. गाईबद्दल काही सांगितलंय की तुपाबद्दल, हे एका शब्दाच्या जागेवर ठरतं.

‘लहान’च्या बाबतीत वऱ्हाडी बोलीने एक फार सुंदर काम केलंय. छापील मराठीत ‘लहान भाऊ’, ‘लहान बहीण’, ‘लहान पोर’ असं सगळीकडे ‘लहान’च. वऱ्हाडीत ‘लहाना भाऊ’, ‘लहानी बहीन’, ‘लहान्या पोराले’. पुष्कळांच्या तोंडी ते ‘लायना’, ‘लायनी’ होतं. पुस्तकी माणूस याला अशुद्ध म्हणतो. मला ते पटत नाही. छापील मराठीत ‘लहान मुलाची खाट’ म्हटलं तर खाट लहान आहे की मूल, हे शब्दांवरून ठरवता येत नाही. क्रमावरून आपण मूल लहान असंच समजतो. वऱ्हाडीत ‘लहान्या पोराची खाट’ म्हणजे पोरगं लहान, आणि ‘पोराची लहानी खाट’ म्हणजे खाट लहान. इतकंच काय, ‘लहानी पोराची खाट’ असा वाकडा क्रम आला तरी ‘-ई’ ऐकून खाटच लहान हे कळतं. छापील भाषेत जो स्वर नाही तो बोलीने स्वतः लावून घेतला आणि न बदलणारं विशेषण बदलणारं करून टाकलं. अर्थात ‘खाटेवर’ म्हटलं की वऱ्हाडीतही ‘लहान्या पोराच्या खाटेवर’च होतं आणि तिथे पुन्हा क्रमच वाचवतो: ‘पोराच्या लहान्या खाटेवर’.

एका नामाच्या आधी चा-चीचे दोन-तीन शब्द आले की त्यांच्यातही क्रम असतो, आणि तो बराच पक्का आहे. मालक सगळ्यात पुढे, मग कशाचं बनलंय ते, मग कशासाठी आहे ते. ‘आजीची सागाची कपड्याची पेटी’. ‘सागाची आजीची पेटी’ म्हटलं तर कान अडतो. कामाचा शब्द नामाशी इतका जुळलेला असतो की ‘पाण्याची टाकी’, ‘धान्याची कोठी’ हे जवळपास एकच नाव होऊन जातं, म्हणून ‘प्लास्टिकची पाण्याची टाकी’ सहज येतं. बनावटीचा शब्द चा-चीशिवाय असेल तर मात्र तो कामाच्या शब्दालाही मागे टाकून नामाला चिकटतो: ‘पाण्याची लोखंडी टाकी’. ‘लोखंडी पाण्याची टाकी’ म्हणणारेही आहेत आणि त्यांचं कोणी चुकीचं समजत नाही, कारण पाणी लोखंडी नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे दोन्ही अर्थ शक्य आहेत तिथेच जागेला महत्त्व येतं. साग जुना असू शकतो आणि पेटीही जुनी असू शकते, म्हणून ते उदाहरण अडवतं.

शेवटी एक गोष्ट, जी लिहिणारे विसरतात. बोलताना नामाच्या आधी तीन-चार विशेषणं माणसं क्वचितच रचतात. एक किंवा दोन आधी सांगतात, वस्तूचं नाव घेतात आणि उरलेलं मागून जोडतात: ‘सागाची पेटी हाय ना, जुनी, मोठी, कोयंडा तुटलेली, तिच्यात पाय.’ मागून जोडलेल्या विशेषणांना क्रमाचं बंधन जवळजवळ नाही. ‘मोठी, जुनी’ किंवा ‘जुनी, मोठी’ काहीही चालतं, कारण प्रत्येकाच्या आधी थोडं थांबणं आहे आणि प्रत्येक विशेषण स्वतंत्रपणे पेटीकडे जातं. सागाकडे जाण्याची शक्यता संपलेली असते, कारण साग केव्हाच मागे राहिला. आणि ‘-ई’ही टिकून राहते, कारण प्रत्यय ‘तिच्यात’वर गेला, पेटी मोकळी राहिली. म्हणूनच खरेदीखत शोधायला पाठवलेल्या मुलाला हे लांबलचक वाक्य ‘जुन्या सागाच्या पेटीत’पेक्षा लवकर योग्य पेटीकडे नेतं.